परिशिष्टाचे प्रास्ताविक : इस्लापूर सर्कलच्या निमित्ताने

१९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या आठव्या कलमात नव्या मुंबई राज्यात कोणकोणते प्रदेश यावयाचे ते सांगितले आहे. हैदराबाद राज्यातून यावयाच्या भागांची नावे बहुतेक जिल्ह्यांची आणि तालुक्यांची आहेत. मात्र त्यांत एक नाव तालुक्याहूनही लहान घटकाचे आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे दोन तालुके आणि त्याच जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातील इस्लापूर हे सर्कल, अशी ती नोंद आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे तिन्ही भाग नांदेड जिल्ह्यात दाखल झाले. राजुरा १९६१ ची जनगणना होण्यापूर्वीच चांदा जिल्ह्याकडे गेला. इस्लापूर नांदेडातच राहिले, आणि आज ते किनवट तालुक्यात आहे.

या एका सर्कलाच्या स्थलांतरामुळे अभ्यासकापुढे जो साधा प्रश्न उभा राहतो, तो परिशिष्टांच्या संपादनाचा विचार करण्यास फार उपयोगी आहे. नांदेड जिल्ह्याच्या लोकसंख्येची १९५१ आणि १९६१ या दोन सालांची तुलना करू पाहणारा विद्यार्थी ग्रंथालयात जातो. १९५१ ची जनगणना हैदराबाद राज्याच्या ग्रंथांत आहे, १९६१ ची महाराष्ट्राच्या. तो पहिल्या ग्रंथातून नांदेडचा आकडा उतरवून घेतो, दुसऱ्यातूनही घेतो, वजाबाकी करतो आणि शेकडेवारी काढतो. गणित बिनचूक असते. उत्तर मात्र निरर्थक असते, कारण दोन्ही आकड्यांवर ‘नांदेड’ हे नाव असले तरी ते दोन निरनिराळ्या भूभागांचे आकडे आहेत. इस्लापूरच्या रहिवाशांची मोजणी १९५१ साली आदिलाबादच्या पुस्तकात झाली आणि १९६१ साली नांदेडच्या पुस्तकात. शिवाय नांदेडने केवळ मिळविले असे नाही, गमावलेही. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही सर्कले आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कले त्याच अधिनियमाने आंध्र प्रदेशाकडे गेली.

ही अडचण जनगणनेच्या संपादकांना ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. १९६१ च्या सर्वसाधारण लोकसंख्या कोष्टकांत ‘ए-२’ हे कोष्टक १९०१ पासूनच्या साठ वर्षांतील लोकसंख्येचा चढउतार दाखविते. या कोष्टकास एक परिशिष्ट जोडलेले आहे. १९५१ नंतर ज्या जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या ते जिल्हे, १९५१ च्या हद्दीप्रमाणे त्यांची त्या वर्षाची लोकसंख्या, आणि हद्दींच्या बदलांत गुंतलेले क्षेत्र व लोकसंख्या, असा त्याचा विषय आहे. म्हणजे विद्यार्थ्यास जे हवे ते पुस्तकात होते. मग ते त्याच्या हाती का लागत नाही? या प्रश्नाचे उत्तर परिशिष्टाच्या शीर्षकात आणि प्रास्ताविकात शोधावे लागते.

वर सांगितलेले वर्णन पुन्हा वाचून पाहावे. त्यात परिशिष्टात काय आहे ते संपूर्ण सांगितले आहे, एकही स्तंभ सुटलेला नाही. परंतु ते कोणी, केव्हा उघडावे याविषयी त्यात एक शब्दही नाही. ज्यास हद्दी बदलल्याचे आधीच ठाऊक आहे, त्यालाच हे शीर्षक बोलावते. ज्यास ते ठाऊक नाही, आणि म्हणून ज्याला परिशिष्टाची खरी गरज आहे, तो शीर्षक वाचून हद्दींचा आपल्याशी काय संबंध असे म्हणतो आणि पान उलटतो. त्याला लोकसंख्या हवी आहे, हद्दी नकोत. परिशिष्टाचे प्रास्ताविक बहुधा फसते ते याच ठिकाणी. ते सामग्रीच्या नावाने लिहिलेले असते, वाचकाच्या अडचणीच्या नावाने नसते.

भारतीय जनगणनेच्या ग्रंथांत प्रत्येक कोष्टकापूर्वी स्पष्टीकरणाची जी टीप येते तिला ‘फ्लायलीफ’ म्हणतात. ही प्रथा चांगली आहे, आणि तिची शिस्तही चांगली आहे. मागील जनगणनेतील कोणत्या कोष्टकाशी हे कोष्टक जुळते, कोणत्या स्तंभाची व्याख्या बदलली, हे तेथे बहुधा सांगितलेले असते. तथापि ही टीप ज्यांनी कोष्टक रचले त्यांच्या बाजूने लिहिलेली असते. आपण काय केले याचा ती हिशेब देते. हिशेब देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्यच होय; पण हिशेब आणि मार्गदर्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेबाची पूर्णता सामग्रीवरून ठरते. मार्गदर्शनाची पूर्णता ठरविण्यासाठी मात्र वाचक कोणता आकडा हातात घेऊन येथवर आला आहे, हे ध्यानात घ्यावे लागते.

चूक किती मोठी होऊ शकते याची कल्पना यावी म्हणून केवळ काल्पनिक आकडे घेऊन पाहणे सोयीचे होईल. समजा, एखाद्या जिल्ह्याची १९५१ ची लोकसंख्या जुन्या हद्दीप्रमाणे १०० आहे. त्यातून २० लोकवस्तीचा भाग गेला आणि २५ लोकवस्तीचा भाग आला. तर नव्या हद्दीप्रमाणे १९५१ चा आकडा १०५ होईल. १९६१ साली त्या जिल्ह्यात १२६ लोक मोजले गेले असतील, तर खरी वाढ शेकडा २० आहे. जुना १०० आणि नवा १२६ समोरासमोर ठेवणाऱ्यास ती शेकडा २६ दिसेल. ही फुगलेली सहा टक्क्यांची वाढ मग सिंचनाच्या, स्थलांतराच्या किंवा आरोग्यसुधारणेच्या नावावर जमा होते, आणि प्रबंधात त्यावर एखादे प्रकरणही उभे राहते.

चूक झाली आहे हे ओळखण्याचा मार्ग अवघड नाही. १९६१ च्या ‘ए-२’ कोष्टकात त्याच जिल्ह्यापुढे १९५१ चा जो आकडा दिलेला असतो तो १९६१ च्या हद्दीस जुळवून घेतलेला असतो. तो आणि १९५१ च्या ग्रंथातील आकडा शेजारी ठेवावेत. दोन्ही एकच असतील तर परिशिष्टाकडे जाण्याचे कारण नाही; निरनिराळे असतील तर जाणे अपरिहार्य आहे. एवढी एक सूचना, एवढ्याच शब्दांत, परिशिष्टाच्या माथ्यावर छापली असती तर अनेक तक्ते वाचले असते. ‘केव्हा पाहावे’ हे सांगणे म्हणजे याहून काही गूढ नव्हे. वाचकास स्वतः करून पाहता येईल अशी एक खूण देणे, इतकाच त्याचा अर्थ आहे.

वरील काल्पनिक उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. आलेले २५ आणि गेलेले २० यांचा निव्वळ फरक ५. हा फरक लहान आहे असे पाहून अभ्यासक निश्चिंत होतो. पण पाच माणसे वाढली म्हणजे बाकीची शंभर तीच राहिली असे नाही. वीस निघून गेली आणि पंचवीस नवी आली. नांदेडच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. गेलेली सर्कले तेलुगू मुलखाला लागून असलेली. आलेल्या भागात पैनगंगेच्या काठचा डोंगराळ, वनाचा प्रदेश, जेथे मराठीबरोबर गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू या भाषाही बोलल्या जातात. नांदेड जिल्ह्यातील मातृभाषांचे प्रमाण १९५१ ते १९६१ या काळात कसे बदलले असा प्रश्न घेऊन जो विद्यार्थी येईल, त्याला ‘ए-२’ चे परिशिष्ट केवळ एकूण लोकसंख्येचा जमाखर्च देते. हस्तांतरित भागात कोणती भाषा बोलणारे किती होते ते त्यात नाही. धर्म, व्यवसाय, साक्षरता यांचेही नाही. हे त्या परिशिष्टाचे न्यून नव्हे. त्याचा तो हेतूच नव्हता. परंतु हेतू नव्हता हे कोठेतरी लिहिलेले असले पाहिजे. ते न लिहिल्यामुळे असे घडते की, परिशिष्ट पाहिलेला विद्यार्थी न पाहिलेल्यापेक्षा अधिक धोक्यात येतो. आपण हद्दींची दुरुस्ती केली आहे अशा समजुतीने तो लोकसंख्येची दुरुस्ती भाषेच्या आकड्यांस लावतो.

यावरून प्रास्ताविकात काय नाही हे सांगणाऱ्या वाक्याचे मोल ध्यानात यावे. बहुतेक संपादक हे वाक्य टाळतात. त्यात त्यांना आपल्या कामाची उणीव कबूल केल्यासारखे वाटत असावे.

आता हेच प्रास्ताविक नव्याने लिहावयाचे ठरविल्यास ते कसे होईल? पुढील मसुदा नांदेडपुरताच आहे, आणि तो मुद्दाम लहान ठेवला आहे :

‘नांदेड जिल्ह्याची १९५१ ची लोकसंख्या हैदराबाद राज्याच्या ग्रंथावरून घेतलेली असल्यास ती या ग्रंथातील १९५१ च्या आकड्याशी जुळणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी या जिल्ह्यात काही भाग आले व काही गेले, हे त्याचे कारण होय. १९५१ च्या ग्रंथातील आकडा वापरावयाचा असेल तेव्हा हे परिशिष्ट पाहावे. केवळ याच ग्रंथातील आकड्यांची तुलना करावयाची असेल तर पाहण्याची आवश्यकता नाही. येथे आलेल्या व गेलेल्या भागांचे क्षेत्र आणि एकूण लोकसंख्या दिली आहे. भाषा, धर्म व व्यवसाय यांचे आकडे येथे नाहीत. तालुकावार तुलना करणाऱ्याने १९५१ च्या आदिलाबाद जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेतील गावांची यादी पाहावी.’

या मसुद्याची रचना उलटी आहे हे सहज लक्षात येईल. परिशिष्टात काय आहे ते पाचव्या वाक्यात येते. प्रारंभ होतो तो वाचकाच्या हातातील न जुळणाऱ्या आकड्याने. प्रचलित प्रास्ताविके सामग्रीपासून प्रारंभ करतात व उपयोगाकडे क्वचितच पोहोचतात. चौथे वाक्यही सहसा आढळत नाही. एखाद्या वाचकाला ‘तुम्ही येथे थांबू नका’ असे सांगणे संपादकास अवघड जाते, पण त्या वाक्यामुळे उरलेल्या वाक्यांवर विश्वास बसतो. जो संपादक प्रत्येक परिशिष्ट प्रत्येकाने पाहावे असे सुचवितो त्याचे कोणतेच परिशिष्ट कोणी पाहत नाही.

शेवटच्या वाक्याकडे थोडे अधिक लक्ष द्यावयास हवे. ‘ए-२’ चे परिशिष्ट जिल्ह्याच्या पातळीवर थांबते. पण इस्लापूर हे सर्कल आहे. किनवट तालुक्याची १९५१ ची व नंतरची लोकसंख्या ताडून पाहणाऱ्यास इस्लापूरची गावे जमेस धरावी लागतात, आणि अधिनियम गावांची नावे देत नाही. तो ‘इस्लापूर सर्कल’ एवढेच म्हणून मोकळा होतो. निजामी अमलातील महसुली व्यवस्थेत सर्कल म्हणजे काय हे १९५६ साली सर्वांस माहीत होते, तेव्हा विधिमंडळाच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते. अभ्यासकाला मात्र बोथ तालुक्याच्या जुन्या यादीतून एकेक गाव वेचून, त्याच नावाचे गाव पुढच्या नांदेडच्या यादीत सापडते की नाही हे पडताळीत बसावे लागते. नावांचे लेखन दोन्हीकडे सारखे असेल याची शाश्वती नसते. ज्या प्रास्ताविकात परिशिष्ट कोठे संपते व पुढचा शोध कोठे सुरू होतो हे सांगितलेले असते, ते या वाचकाचे काही दिवस वाचविते.

येथवरचा विचार परिशिष्टाच्या माथ्यावरील मजकुराचा झाला. परंतु केवळ तो सुधारून भागत नाही, कारण वाचक परिशिष्टाच्या दाराने ग्रंथात शिरत नाही. तो मुख्य कोष्टकात नांदेडच्या ओळीवर बोट ठेवून उभा असतो. सूचना त्या ओळीशी हवी. या बाबतीत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा आदर्श पुढे ठेवता येईल. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. ज्या दीर्घ उताऱ्यांना हस्तलिखितांचा पुरेसा आधार नाही असे ठरले ते त्यांनी पहिल्या परिशिष्टात क्रमांक देऊन ठेवले. लहान प्रक्षिप्त श्लोक तारकाचिन्हाने त्याच पानाच्या तळाशी दिले. ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून व्यासांनी गणपतीस लेखक नेमल्याची सर्वपरिचित कथा अशीच परिशिष्टात गेली. महत्त्वाचे हे की, संहितेत जेथे ती काही हस्तलिखितांत येते, त्याच श्लोकाखालच्या पाठभेदांत परिशिष्टातील क्रमांक दिलेला आहे. वाचकास काही तरी गळल्याची शंका नेमकी जेथे येईल तेथेच उत्तर उभे आहे. असे असूनही त्या परिशिष्टाविषयी एक गैरसमज पसरलाच. परिशिष्ट म्हणजे टाकाऊ भाग, असे पुष्कळांनी धरले. वस्तुतः मध्ययुगीन कवींनी आणि कीर्तनकारांनी जे महाभारत वाचले त्यात यांतील बरेच उतारे होते. तेव्हा मराठी आख्यानकाव्याच्या अभ्यासकाने संहितेइतकेच हे परिशिष्टही उघडले पाहिजे. हा ‘केव्हा’ संपादकांनी आपल्या वाचकासाठी सांगितला नाही, कारण त्यांच्यासमोरचा वाचक मूळ संहितेचा शोध घेणारा होता. परिशिष्टाचे वाचक काळानुसार बदलतात, ही अडचण मोठमोठ्या संपादकांनाही चुकली नाही.

मराठीतच पाहावयाचे तर लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चे परिशिष्ट प्रकरण उल्लेखनीय आहे. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात गीतेच्या बहिरंगाचे परीक्षण परिशिष्टात सात भागांनी आले आहे. महाभारत, उपनिषदे व ब्रह्मसूत्रे यांच्याशी गीतेचा संबंध, भागवतधर्माचा उदय, हल्लीच्या गीतेचा काल, बौद्ध ग्रंथ, ख्रिस्ती बायबल असे त्यांचे विषय. ग्रंथाचे तात्पर्य गीता काय सांगते यावर आहे. ती कोणी व केव्हा सांगितली हा विचार त्याहून निराळा, आणि म्हणून निराळ्या जागी. ही विभागणी वाचकास ग्रंथाच्या आरंभीच्या प्रकरणातच समजते, अखेरीस नव्हे. गीतेच्या कालाविषयी शंका घेऊन वाचणारा तेथेच निश्चिंत होऊन पुढे जाऊ शकतो, किंवा इच्छा असल्यास थेट पाचव्या भागाकडे वळू शकतो. सात भागांना सात नावे दिल्याने परिशिष्टाचे एक बोचके होत नाही. विद्यापीठांत सादर होणाऱ्या प्रबंधांची परिशिष्टे मात्र पुष्कळदा तशी बोचकीच असतात. प्रश्नावली, मुलाखती, तक्ते, नकाशे यांना अनुक्रमे अ, आ, इ, ई अशी अक्षरे लावून संपादन संपले असे मानले जाते.

काळाचा उल्लेख निघालाच आहे, तर आणखी एका शब्दाविषयी सांगणे योग्य ठरेल. तो शब्द ‘सध्याचा’. परिशिष्टांच्या प्रास्ताविकांत तो फार आढळतो : सध्याच्या जिल्ह्यात समाविष्ट झालेले भाग, सध्याची हद्द, इत्यादी. छापताना तो खरा असतो. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५१ साली बिदर जिल्ह्यात मोजले गेले. १९५६ साली ते उस्मानाबादेत आले. १९८२ साली लातूर जिल्हा निराळा झाल्यावर लातुरात गेले. उस्मानाबादचे नावही आता धाराशिव झाले आहे. १९६१ च्या ग्रंथातील ‘सध्याचा उस्मानाबाद जिल्हा’ हे शब्द आज वाचणाऱ्यास उदगीरच्या बाबतीत सरळ चुकीच्या वाटेने नेतात. किनवटचेही तेच : माहूर हा पुढे स्वतंत्र तालुका झाल्यामुळे १९६१ चा किनवट तालुका आणि आजचा किनवट तालुका एक नव्हेत. प्रास्ताविकात ‘सध्याचा’ या शब्दाच्या जागी तारीख घातली की हा दोष जातो. ‘१ मार्च १९६१ रोजीच्या हद्दीप्रमाणे’ असे लिहिलेले वाक्य कितीही वर्षांनी वाचले तरी खोटे होत नाही.

प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे या चर्चेतून एक निर्णय उरतो, व तो प्रत्येक परिशिष्टाच्या बाबतीत वेगळा घ्यावा लागतो. नांदेड जिल्ह्यावरील प्रबंधात हद्दींच्या बदलाची माहिती परिशिष्टात घालावी काय? किनवट भागावर लिहिणाऱ्याच्या प्रत्येक तक्त्यास तिची गरज लागणार असेल, तर ती परिशिष्टाची वस्तूच नव्हे. इस्लापूर बोथ तालुक्यातून आले हे वाक्य पहिल्या तक्त्यापूर्वी मजकुरातच यावयास हवे. परिशिष्टात जावा तो फक्त त्यामागचा हिशेब : कोणती गावे धरली, कोणत्या नावांची ओळख पटली, कोणत्यांची पटली नाही. त्या हिशेबाच्या माथ्यावर मग एवढेच लिहावे लागते की ज्यास तक्त्यातील १९५१ चा किनवटचा आकडा मूळ ग्रंथाशी जुळत नाही असे आढळेल त्याने ही यादी पाहावी, आणि ज्या गावांची ओळख पटली नाही ती आकड्यात धरलेली आहेत की वगळलेली.